बाबांच्या फोटोला कोट चढवताना

स. न. वि. वि.
माझे बाबा गेल्या वर्षी वारले. त्यांचा चेहरा नीट दिसणारा एकच फोटो घरात आहे, १९८८ च्या चवथीचा. गणपतीसमोर पाटावर बसले आहेत, उघडे अंग, जानवे, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून कॅमेऱ्याकडे वळून बघत आहेत. वर्षश्राद्धाला हॉलमध्ये लावायला मोठी फ्रेम हवी आहे आणि पेपरात पुण्यस्मरणाची जाहिरातही द्यायची आहे. उघड्या अंगाचा फोटो लोकांसमोर लावणे बरे वाटत नाही, म्हणून त्यांना कोट-टाय घालून हवा. एका दुकानात करून घेतला, पण आईने तो बघितला आणि म्हणाली, “हे ते न्हय.” काय चुकले ते मला सांगता येत नाही. दोन्ही फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आहेत. तुमच्याकडून होईल का? फ्रेम वीस बाय चोवीसची हवी.

तुमच्या आईचे बरोबर आहे. मूळ फोटोत बाबांचा भांग त्यांच्या डाव्या बाजूला आहे, दुकानातून आलेल्या फोटोत तो उजव्या बाजूला गेला आहे. म्हणजे चेहरा आरशात दिसावा तसा उलटा केला आहे. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक भुवई जरा वर असते, तोंडाचा एक कोपरा खाली असतो, नाक किंचित एका अंगाला झुकलेले असते. ज्या बाईने तो चेहरा आयुष्यभर समोरून पाहिला, तिला तो उलटा झाल्यावर परका वाटणारच. नेमके काय बदलले ते तिला सांगता येणार नाही, पण काहीतरी बदलले हे तिला पहिल्या नजरेत कळते. तुम्ही स्वतः तपासून पाहा. दुकानातला फोटो मोबाईलमध्ये उलटा करा आणि आईला पुन्हा दाखवा. तेवढ्यानेच ती निम्मी शांत होईल.

दुकानाने हे मुद्दाम केले नाही. अडचणीतून केले. अशा कामासाठी तयार कोटांचे साठे मिळतात, आम्ही त्यांना टेम्प्लेट म्हणतो. गळ्यापर्यंत कोट, शर्ट आणि टाय असतो, वर डोके नसते. त्यातले बहुतेक कोट पासपोर्ट फोटोसाठी सरळ समोरून काढलेले असतात, काही थोडेसे एका बाजूला वळलेले. तुमचे बाबा गणपतीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे त्यांची छाती फोटोत डावीकडे वळलेली आहे. दुकानदाराला सापडलेला वळलेला कोट उजवीकडे तोंड केलेला असणार. मग त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: कोट उलटा करायचा किंवा माणूस उलटा करायचा. कोट उलटा केला तर छातीवरचा खिसा उजवीकडे जातो आणि बटणांची पट्टी चुकीच्या बाजूला येते. पुरुषांच्या शर्टात आणि कोटात डावी बाजू उजव्या बाजूवर येते आणि खिसा डावीकडे असतो. शिंप्याच्या नजरेला उलटा कोट लगेच खटकतो. म्हणून त्याने माणूस उलटा केला. त्याच्या दृष्टीने फोटो शुद्ध झाला, फक्त बाबा गेले.

यावरून मला जे सांगायचे आहे ते एवढेच, की या फोटोला तयार कोट चालणार नाही. त्याला त्याच्या कोनात, त्याच्या उजेडात काढलेला खरा कोट लागेल. तो आपण नवा काढू. कसा काढायचा ते पुढे सांगतो, कारण त्यात तुमच्या घरच्या कुणाला तरी बसावे लागणार आहे.

त्या फोटोत आणखी एक गोष्ट मोडली आहे, ती मान. माणूस अंग एकीकडे ठेवून डोके दुसरीकडे वळवतो तेव्हा कानामागून गळ्याच्या खोबणीकडे उतरणारा एक स्नायू ताठ होतो. बाबांनी डोके स्वतःच्या डावीकडे वळवले आहे, म्हणून उजव्या बाजूचा स्नायू उठून आला आहे. मूळ फोटोत तो स्पष्ट दिसतो. दुकानाने कोट जवळजवळ समोरून काढलेला वापरला आणि कॉलर भरायला मान रुंद करून ओढली. आता कॉलर सरळ आहे, टाय सरळ आहे, आणि मधून तिरका ताणलेला स्नायू वर जातो. खरी मान अशी कधी दिसत नाही. गळ्याचा उंचवटा टायच्या गाठीच्या वर न येता एका बाजूला सरकला आहे, तेही त्याचमुळे. कोट जोडलेला कुठलाही फोटो तपासायचा असेल तर चेहरा बघू नका. हनुवटीपासून टायच्या गाठीपर्यंतचा पट्टा बघा. ढोंग असेल तर ते तिथेच उघडे पडते.

आता चांगली बाजू. उघड्या अंगाचा फोटो म्हणून तुम्हाला जी लाज वाटते, ती आमच्या कामात सोय आहे. लग्नातल्या घोळक्यातला फोटो आला की माणसाचे खांदे कसे आहेत, उतरते की चौकोनी, हे शर्टाखाली झाकलेले असते आणि आम्हाला अंदाज बांधावा लागतो. इथे सगळे समोर आहे. खांद्याचा उतार दिसतो, गळ्याची खोबण दिसते, मान कुठे संपते ते दिसते. जानव्याचा दोरा डाव्या खांद्यावरून गेला आहे आणि डावा खांदाच कॅमेऱ्याच्या जवळ आहे, त्यामुळे खांद्याची गोलाई त्या दोऱ्याच्या वळणावरून मोजता येते. कोट नेमका कुठे बसवायचा हे हा फोटो स्वतःच सांगतो.

कोटाआधी मूळ प्रत. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करून पाठवते, बारीक तपशील खाऊन टाकते. तो फक्त बोलण्यापुरता ठीक. मला छापील फोटो हातात हवा, आणि त्याहून जास्त त्याची निगेटिव्ह हवी. त्या काळी लॅबमधून फोटो धुऊन आले की पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्याही परत यायच्या, आणि लोक त्या अल्बमच्या शेवटच्या कप्प्यात किंवा कपाटातल्या कागदपत्रांच्या ट्रंकेत टाकून विसरून जायचे. शोधा. तपकिरी-केशरी रंगाच्या, चार-सहा फोटोंच्या पट्ट्या असतील. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशीचे पांढरट जाळे आलेले असू शकते. ते ओल्या फडक्याने पुसू नका, फुंकूही नका, आहे तशा आणा.

निगेटिव्हचा एवढा आग्रह का, ते तुमच्याच फोटोवर मोजून दाखवतो. तुमचा फोटो साडेतीन बाय पाच इंचाचा आहे असे धरले तर बाबांचे डोके, केसांपासून हनुवटीपर्यंत, त्यात साधारण १४ मिलिमीटर भरते. इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन केले तर उंचीला ३३० च्या आसपास ठिपके मिळतात. १२०० ने केले तर ६६०. पण हा वाढावा कागदोपत्री आहे. छापील फोटोत जेवढा तपशील उतरला होता तेवढाच राहतो, वरचे ठिपके कागदाच्या पोताने भरतात. निगेटिव्हवर तेच डोके फक्त ४ मिलिमीटरचे आहे. चांगल्या फिल्म स्कॅनरवर इंचाला ४००० ने घेतले तर ठिपके ६३० च्या घरात येतात. आकडा तोच, पण हे ठिपके भरलेले असतात: पापणीची कड, मिशीचा केस, कपाळावरची आठी. छापताना जे हरवले ते निगेटिव्हमध्ये अजून आहे.

निगेटिव्ह नाहीच मिळाली तर छापील फोटोवरून करू. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर सोडवू नका. ओलाव्याने फोटोचा वरचा थर काचेला धरतो आणि ओढल्यावर चेहऱ्यासकट निघून येतो. काचेसकट आणा, काचेतूनच घेऊ. फोटोचा कागद मधमाशीच्या पोळ्यासारखा दाणेदार असेल, त्या काळी तसा कागद फार चालायचा, तर स्कॅनरच्या दिव्यात प्रत्येक दाणा चमकतो. तेव्हा फोटो एकदा सरळ आणि एकदा डोके खाली येईल असा फिरवून स्कॅन करतो आणि दोन्ही चित्रे एकावर एक बसवून सरासरी काढतो. उजेड दोन बाजूंनी आल्यासारखा होतो आणि दाणे बरेच विरतात.

मग रंग. फोटो तांबूस झाला आहे. अल्बमच्या अंधारात ठेवलेल्या त्या काळच्या रंगीत फोटोंमध्ये निळसर-हिरवा थर आधी उतरतो, लाल आणि पिवळा मागे राहतात. हे कोट घालण्याआधी दुरुस्त करायचे असते. तांबूस चेहऱ्याशी कोट जुळवला तर पुढे चेहरा सुधारताना कोटही निळा पडतो आणि काम दुप्पट होते. दुरुस्तीला आधार म्हणून फोटोत पांढरी वस्तू लागते. तुमच्याकडे बाबांचा पंचा आहे आणि वर गणपतीवर टांगलेल्या माटोळीतली हिरवी आंब्याची पाने आहेत. पंचा पांढरा आणि पाने हिरवी दिसू लागली की चेहरा आपोआप जवळ येतो. शेवटची थोडी फिरवाफिरव तुमच्या आईला शेजारी बसवून करायची. बाबा सावळे होते हे फोटोत दिसते. दुकानाने त्यांना उजळ केले आहे. हे आमच्या धंद्यातले जुने व्यसन, गेलेल्या माणसाला गोरा करून द्यायचा. मी करणार नाही. गालावरचे डाग, डोळ्यांखालचे काळे, कपाळावरची आठी यांनाही हात लावणार नाही. फोटोवर पडलेले ओरखडे आणि बुरशीचे ठिपके काढीन. कपाळावरचे गंध ठेवायचे की नाही ते तुम्ही घरी ठरवा. कोटावर गंध शोभते, आपल्याकडे अनेकांचे फोटो तसेच आहेत.

आता कोट कोणता. बाबा काय नोकरी-धंदा करायचे ते तुम्ही लिहिले नाही. त्यांनी आयुष्यात कधी कोट घातला होता का, हे आईला विचारा. घातला असेल तर तोच कोट कपाटात आहे का बघा. नसेल, आणि ते सरकारी कचेरीत किंवा शाळेत असतील, तर त्या काळी समारंभाला सफारी घालत. बाकीचे लोक पांढऱ्या फुलशर्टात येत. उघड्या अंगाला सभ्य करायचे तर कोट-टायच पाहिजे असे नाही. पांढरा शर्ट किंवा बंद गळ्याचे जाकीट चेहऱ्याशी जास्त जुळते आणि लोक येऊन म्हणत नाहीत की “यांना कोटात कधी पाहिले नाही बुवा”. पूर्वी स्टुडिओत खुंटीला एकच काळा कोट टांगलेला असायचा आणि गावातला प्रत्येक माणूस तोच घालून फोटो काढायचा, मागून पिना लावून. जुन्या घरांत बघाल तर चार घरांतल्या चार आजोबांच्या अंगावर एकच कोट सापडेल. तेव्हा कोट म्हटला तर परंपरेतलाच आहे, मी हट्ट धरत नाही. पण कोट ठरला तर काळा कुळकुळीत नको, गडद राखाडी किंवा गडद निळा घ्या. आणि तो त्या वर्षांतला वाटायला हवा. आजचे अरुंद कॉलरचे, अंगाला घट्ट बसणारे कोट त्या चेहऱ्याखाली नवे कोरे दिसतात.

आता मुख्य काम. तुमच्या कुटुंबातला बाबांच्या बांध्याचा एक माणूस लागेल. भाऊ असेल तर उत्तम, काका असतील तर त्याहून चांगले, तुम्ही स्वतःही चालाल. खांद्यांचा उतार बहुधा घराण्यात येतो. वयाने चेहरा कसाही असू दे, चेहरा आम्ही घेणारच नाही. त्याला कोट-शर्ट-टाय घालून, बाबा बसले होते तसे पाटावर बसवायचे, छाती एका बाजूला आणि तोंड कॅमेऱ्याकडे. डोके वळवायलाच हवे. मान वळली की कॉलर एका अंगाने गळ्याला रुतते आणि दुसऱ्या अंगाने सुटते. सरळ बघणाऱ्या माणसाच्या कॉलरला हे होत नाही, आणि नंतर संगणकावर ते रंगवून येत नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा, हेही जुन्या फोटोतूनच काढता येते. बाबांसमोर पूजेचे ताट ठेवलेले आहे. ताट गोल असते, पण फोटोत ते लांबट दिसते, कारण कॅमेरा त्याच्याकडे तिरका बघतो. जितका उंचावरून बघाल तितके ते गोल होत जाते. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मोजले, तर छापील आकारात ताट १९ मिलिमीटर रुंद आणि ९ मिलिमीटर उंच येते. उंची भागिले रुंदी म्हणजे ०.४७, आणि एवढ्या प्रमाणाला कॅमेरा साधारण २८ अंश खाली बघत असतो. अंतराचा अंदाज डोक्यावरून येतो. माणसाचे डोके सुमारे २३ सेंटिमीटर उंच, निगेटिव्हवर ते ४ मिलिमीटर, आणि त्या वेळच्या साध्या फ्लॅश कॅमेऱ्यांची भिंग साधारण ३५ मिलिमीटरची. त्यावरून अंतर दोन मीटर निघते. दोन मीटरवरून २८ अंश म्हणजे कॅमेरा जमिनीपासून एक मीटरच्या जरा वर. म्हणजे फोटो काढणारा गुडघ्यावर बसला होता किंवा कमरेत वाकला होता. पाटावर बसलेल्या माणसाचे डोळे पाऊण मीटरवर येतात, तेव्हा चेहऱ्याकडे कॅमेरा फक्त आठेक अंशांनी खाली बघत होता. आम्ही कोट नेमका त्याच जागेवरून काढणार. दोन मीटरऐवजी स्टुडिओच्या सवयीने लांबून, मोठ्या भिंगाने काढला, तर जवळचा खांदा आणि लांबचा खांदा यांतला फरक कमी होतो आणि कोट चपटा दिसतो. डोके एका खोलीत आणि कोट दुसऱ्या खोलीत, असे काहीतरी वाटत राहते.

उजेडही तसाच. बाबांच्या मागे निळसर भिंतीवर त्यांच्या डोक्याची सावली पडली आहे, फोटोत डाव्या बाजूला. फोटो उभा काढला आहे, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवला होता आणि फ्लॅश भिंगाच्या उजव्या अंगाला गेला होता. म्हणून सावली डावीकडे. स्टुडिओतल्या मोठ्या मऊ दिव्यांत काढलेला कोट या चेहऱ्याखाली कधीच बसणार नाही. चेहऱ्यावर फ्लॅशचा थेट, सपाट उजेड आहे आणि हनुवटीखाली बारीक कडक सावली आहे. आम्ही छोटा फ्लॅश भिंगाच्या उजवीकडे, चार बोटांवर धरून तसाच उजेड टाकतो. टायच्या गाठीखाली आणि कोटाच्या कॉलरच्या कडेला डावीकडे बारीक सावली पडली पाहिजे. ती उजवीकडे पडली तर फोटो पुन्हा काढायचा. संगणकावर सावली हलवण्याच्या भानगडीत पडायचे नाही.

काकाच बसले असे धरू. त्यांचे डोके फोटोत ठेवतोच, कारण माप त्यावरून धरायचे असते. दोन्ही चित्रांत हनुवटी ते केसांची रेघ सारखी करायची, मग कोट आपोआप योग्य आकाराचा येतो. डोळ्यांच्या अंदाजाने कोट लहान-मोठा केला तर हमखास खांदे रुंद होतात, कारण रुंद खांदे रुबाबदार दिसतात आणि हात तिकडे वळतो. दुकानातल्या फोटोत डोके लहान वाटते, ते यामुळे. त्यानंतर खोबणीशी खोबण. शर्टाचे वरचे बटण गळ्याच्या खोबणीच्या जरा वर लागते आणि टायची गाठ तिथे बसते. बाबांची खोबण मूळ फोटोत दिसते, म्हणून गाठ कुठे आणायची यात अंदाज उरत नाही. खांद्याला खांदा लावायला जाऊ नका. कोटाच्या खांद्यात पॅड असतो, त्यामुळे कोटाची रेघ उघड्या खांद्यापेक्षा टोकाला थोडी उंच असणार, ते बरोबरच आहे.

जोड कॉलरच्या कडेवर येतो. मान बाबांची, कॉलर नवी. काकांची मान एक ठिपकाही घ्यायची नाही. कॉलर आणि मान यांच्या मध्ये बारीक गडद फट ठेवायची, कारण बारीक अंगाच्या माणसाच्या गळ्याला कॉलर सगळीकडून चिकटत नाही. त्या फटीत काळोख नसेल तर गळा कॉलरमधून उगवल्यासारखा दिसतो. पांढऱ्या कॉलरचा उजेड हनुवटीच्या खालच्या बाजूवर थोडा परतून येतो. मूळ फोटोत तिथे उघडी छाती होती, म्हणून तो नाही. तो हलका वाढवावा लागतो. बाबांच्या चेहऱ्याला मी हात लावतो तो एवढाच.

सगळे बसल्यावरही कोट उपरा दिसतो, कारण तो आजच्या कॅमेऱ्याने काढला आहे. त्याचे विणकाम मोजता येते आणि चेहरा मात्र जुना, मऊ, रवाळ. इथे उलट जायचे असते. चेहरा धारदार करण्याऐवजी कोट बिघडवायचा. कोट चेहऱ्याच्या आकारापर्यंत लहान करायचा, थोडा धूसर करायचा, आणि त्याच्यावर चेहऱ्यावर आहे तेवढाच रवा टाकायचा. काळेपणाही जुळवायचा. जुन्या फोटोत बाबांचे केससुद्धा पूर्ण काळे राहिलेले नाहीत, ते गडद तपकिरी आहेत. कोटातली सर्वांत काळी सावली त्या केसांपेक्षा काळी असता कामा नये. पांढऱ्या कॉलरचेही तसेच, पंच्याइतकाच पांढरा, त्याहून नाही. मी शेवटी चित्र काळे-पांढरे करून बघतो, मग स्टॅम्पएवढे लहान करून लांबून बघतो. लहान आकारात पहिली नजर कोटावर गेली तर अजून काम बाकी आहे.

मागची पार्श्वभूमी पांढरी नको. बाबांचे केस निळसर भिंतीवर आहेत आणि केसांच्या कडेत तो निळा मिसळलेला आहे. पांढऱ्यावर ठेवले की डोक्याभोवती निळी झालर दिसते, मग ती घालवायला केस कात्रीने कापल्यासारखे छाटतात. दुकानाने नेमके तेच केले आहे, कानावरचे बारीक केस गेले. भिंतीच्या जवळपासचा मध्यम निळसर-राखाडी रंग ठेवला की केस जसेच्या तसे राहतात. फक्त डोक्याची सावली पुसायची.

वीस बाय चोवीस होणार नाही. त्या आकारात डोके पाच इंचांचे होते. छापील फोटोतल्या ३३० ठिपक्यांत ते भरायचे म्हणजे इंचाला सहासष्ट ठिपके, आणि हॉलमध्ये जवळ येऊन हार घालणाऱ्याला चेहरा विरलेला दिसेल. मग लोक तो चेहरा ब्रशने रंगवून भरतात आणि तिथे बाबा पुन्हा जातात. आठ बाय दहामध्ये डोके दोन इंचांचे येते, तेवढे या फोटोला झेपते. निगेटिव्ह मिळाली तर दहा बाय बारा नक्की. फ्रेम मोठीच हवी असेल तर फोटोभोवती रुंद माउंट घाला, बाहेरून फ्रेम वीस बाय चोवीस होईल आणि चेहरा खरा राहील. पेपरासाठी वेगळी प्रत करून देतो. छापखान्यात शाई पसरते आणि गडद भाग बुजतात, म्हणून त्या प्रतीत कोट दोन छटा फिका, मागचा भाग उजळ, आणि फोटो फक्त टायच्या गाठीपर्यंत कापलेला. एका रकान्यात कोटाला जागा दिली तर चेहरा नखाएवढा उरतो.

हा फोटो भिंतीसाठी आणि जाहिरातीसाठी. निवृत्तिवेतन, वारसा, बँक अशा कुठल्याही कागदाला तो लावू नका, तिथे मूळ फोटोच द्या. फ्रेमच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा की चेहरा १९८८ च्या चवथीचा आणि कपडे नंतर जोडलेले. मूळ फोटोची सुधारलेली प्रत, माटोळीसकट, वेगळी छापून देईन. ती हॉलमध्ये लावू नका हवे तर, पण घरी ठेवा.

येताना छापील फोटो अल्बमच्या पानासकट आणा, निगेटिव्ह सापडल्या तर त्या, कोट आणि पांढरा शर्ट, आणि काका. शर्टाची कॉलर काकांच्या मापाची नको, बाबांच्या मापाची हवी. त्यांचा एखादा जुना शर्ट राहिला असेल तर त्याच्या कॉलरला आतून आकडा असतो, तो बघून या. नसेल तर आईला विचारा, तिला माहीत असेल.